रिकामा रकाना म्हणजे 'नाही' नव्हे

दिवाळी जवळ आली की ऑफिसात दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे सप्लायरकडून सुकामेव्याचे डबे, आणि दुसरी म्हणजे एचआरची ईमेल: 'हितसंबंध व भेटवस्तू यांचं घोषणापत्र अमुक तारखेपर्यंत भरून द्यावं.' डबे त्याच दिवशी उघडतात. फॉर्म मात्र शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कुणाच्या तरी पाठीवर कागद टेकवून भरला जातो. आपल्यापैकी अनेकांनी तो भरला असेल, पण दिल्यानंतर त्याचं काय होतं हे फारसं कुणी विचारत नाही. तो कागद टेबलावरून उचलून कंप्लायन्स टीमच्या रजिस्टरात नेण्याचं काम आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे येतं. आजचा लेख त्या प्रवासाबद्दल आहे, कारण प्रामाणिक माणसाने लिहिलेली ओळ या प्रवासात वाटेतच हरवू शकते.

आधी फॉर्म काय विचारतो ते पाहू. त्याचे दोन भाग असतात. पहिल्यात विचारलेलं असतं की तुमचा किंवा तुमच्या नातेवाइकांचा, कंपनीशी व्यवहार करणाऱ्या कुठल्या धंद्यात हिस्सा, भागीदारी किंवा नोकरी आहे का. दुसऱ्यात विचारलेलं असतं की वर्षभरात कुणाकडून काय भेट मिळाली, साधारण किमतीची किती, आणि तिचं तुम्ही काय केलंत. कंपनीच्या संचालकांना पहिला भाग कायद्यानेच भरावा लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १८४ नुसार ते दर आर्थिक वर्षातल्या संचालक मंडळाच्या पहिल्या बैठकीत `MBP-1` नावाच्या फॉर्ममध्ये आपले हितसंबंध कळवतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना भेटवस्तूंसाठी १९६४ च्या वर्तणूक नियमांमधला नियम १३ आहे. खासगी कंपनीतल्या तुमच्या-माझ्यासारख्यांना बहुतेक वेळा कंपनीची स्वतःची आचारसंहिता लागू होते, आणि नोकरीला लागताना आपण तिच्यावर सही केलेली असते.

फॉर्ममध्ये 'होय' लिहिणं हा गुन्हा नाही, हे इथेच सांगून ठेवतो. बायकोच्या भावाचा वर्कशॉप आहे आणि तो आपल्याच कंपनीला सुटे भाग पुरवतो, यात काही वावगं नाही. तुम्ही ते कळवलंत की कंपनी इतकंच करते की त्या पार्टीच्या ऑर्डरवर तुमची सही लागणार नाही अशी व्यवस्था लावते. अडचण होते ती न कळवल्याने. किंवा त्याहून वाईट म्हणजे, कळवूनही रजिस्टरात न चढल्याने.

चार प्रकारचं गप्प बसणं

समजा, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतला एक कारखाना आहे. पगारपत्रकावर ४१२ माणसं. त्यातल्या ३८९ जणांचे फॉर्म आले, २३ जणांचे आलेच नाहीत. आलेल्यांपैकी ३१८ जणांनी 'नाही' वर स्वच्छ खूण केली आणि ३४ जणांनी 'होय' वर खूण करून तपशील दिला. २२ जणांनी सही केली, पण प्रश्नापुढचा रकाना कोराच सोडला. उरलेल्या १५ जणांचे फॉर्म स्वतःशीच भांडतात: खूण 'नाही' वर आहे, पण खाली किंवा मागे काहीतरी लिहिलेलं आहे.

आता घाईघाईने केलेलं रजिस्टर काय सांगेल? 'होय' ३४, म्हणजे बाकीचे ३७८ 'नाही'. या ३७८ मध्ये ६० माणसं अशी आहेत की त्यांच्याबद्दल आपल्याला खरं म्हणजे काहीच माहीत नाही: २३ न आलेले, २२ कोरे आणि १५ गोंधळाचे. रजिस्टरात मात्र त्या साठांचीही 'नाही' अशी पक्की नोंद झाली. ऑडिटरने विचारलं, तर कंपनी छातीठोकपणे सांगेल की या माणसाने 'नाही' म्हटलं होतं. त्या माणसाने तसं म्हटलेलंच नसतं.

हे कुणी मुद्दाम करत नाही. ते बहुधा एका ओळीने होतं. फॉर्मची माहिती टाइप होऊन एका `CSV` फाइलमध्ये येते आणि पायथनमधली `pandas` ही लायब्ररी ती वाचते. कोऱ्या जागा दिसायला बऱ्या दिसत नाहीत म्हणून कुणीतरी लिहितं:

```python
df["conflict"] = df["conflict"].fillna("No")
```

म्हणजे जिथे काही नाही तिथे 'नाही' भरून टाक. ही ओळ चालते, एरर येत नाही आणि तक्ता छान भरलेला दिसतो. म्हणूनच ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

याच्या पोटात आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे फॉर्म भरताना कुणी `NA` लिहितं, कुणी `Nil`, कुणी नुसती आडवी रेघ मारतं. तिघांच्या मनात 'मला सांगण्यासारखं काही नाही' असंच असतं. पण `pandas` फाइल वाचताना `NA` हा शब्द आपोआप 'माहिती उपलब्ध नाही' असा धरतं आणि ती जागा रिकामी करून टाकतं. `Nil` आणि रेघ मात्र जशीच्या तशी राहतात. एकाच अर्थाची तीन उत्तरं दोन वेगळ्या वाटांनी जातात, आणि ज्याने `NA` असं नीट लिहिलं होतं तो काहीच न लिहिणाऱ्याच्या पंगतीला जाऊन बसतो. उपाय सोपा आहे. वाचतानाच सांगायचं की सगळं मजकूर म्हणून वाच आणि स्वतःच्या मनाने काही रिकामं करू नकोस:

```python
df = pd.read_csv("forms.csv", dtype=str, keep_default_na=False)
```

याचा एक फायदा जाता जाता मिळतो. `00417` सारखा कर्मचारी क्रमांक ४१७ होऊन बसत नाही.

मग रजिस्टरात 'होय' आणि 'नाही' असे दोनच पर्याय ठेवायचे नाहीत, पाच ठेवायचे: होय, नाही, कोरा, विसंगत, फॉर्म आला नाही. `NA`, `Nil` आणि रेघ यांचं काय करायचं, हे प्रोग्रॅमरने ठरवायचं नाही. कंप्लायन्स टीमने एकदा लेखी ठरवून द्यायचं. आणि रोज एक बेरीज करून पाहायची: पाचही रकान्यांची बेरीज पगारपत्रकावरच्या आकड्याएवढी आली पाहिजे. आपल्या उदाहरणात ३४, ३१८, २२, १५ आणि २३ मिळून ४१२. बेरीज ४११ आली तर एक माणूस कुठेतरी पडलाय. ४१३ आली तर कुणाचा तरी फॉर्म दोनदा चढलाय.

कागदाची मागची बाजू

आता त्या १५ विसंगत फॉर्मपैकी एकाच्या मागे जाऊ. समजा, भांडारातले एक अधिकारी आहेत. माल आला की मोजून घेणं आणि पावती करणं हे त्यांचं काम. त्यांच्या बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्यांचे साडू, कारखान्याला पॅकिंगचं सामान पुरवणाऱ्या फर्ममध्ये भागीदार आहेत. फॉर्मवर प्रश्न आहे: 'आपल्या नातेवाइकांचा हितसंबंध आहे का?' आणि तळाशी बारीक अक्षरात टीप आहे: 'नातेवाईक म्हणजे कंपनी कायद्यातील व्याख्येप्रमाणे.'

ही व्याख्या वाचण्यासारखी आहे. पती किंवा पत्नी, एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य, आणि नियमांत दिलेली यादी: आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. सावत्र आई-वडील, सावत्र मुलगा आणि सावत्र भावंडंही त्यात धरली आहेत. पण यादी तिथेच संपते. साडू तिच्यात नाहीत. मेहुणा नाही, दीर-नणंद नाहीत, मामा-काका नाहीत आणि व्याहीही नाहीत.

त्या अधिकाऱ्यांनी टीप वाचली. व्याख्येप्रमाणे साडू नातेवाईक नाहीत, म्हणून 'नाही' वर खूण केली. ती शब्दशः बरोबर आहे. पण माणूस सरळ. मनाला बरं वाटेना, म्हणून त्यांनी कागद उलटून मागे निळ्या बॉलपेनने लिहिलं: 'माझे साडू अमुक फर्ममध्ये भागीदार आहेत, माहितीसाठी.' सही केली आणि फॉर्म दिला. याहून प्रामाणिक उत्तर काय असणार?

ही ओळ रजिस्टरपर्यंत पोहोचण्याआधी तीन ठिकाणी पडू शकते. पहिलं ठिकाण स्कॅनर. दोन्ही बाजू स्कॅन करण्याची सेटिंग बंद असेल तर मागची बाजू कधी आत गेलीच नाही. सेटिंग चालू असली तरी बऱ्याच स्कॅनरमध्ये 'कोरी पानं वगळा' अशी आणखी एक सोय असते. फिकट शाईची एकच ओळ असलेलं पान यंत्राला कोरं वाटू शकतं आणि ते गुपचूप वगळलं जातं. दुसरं ठिकाण म्हणजे टाइप करणारा. त्याच्या पडद्यावर फक्त फॉर्मचे रकाने आहेत. मागे लिहिलेल्या ओळीला रकानाच नाही, मग तो ती कुठे टाकणार? तिसरं ठिकाण आमचा प्रोग्रॅम. तो खूण पाहतो, 'नाही' वाचतो आणि पुढे जातो.

दोन वर्षांनी कुणीतरी निनावी पत्र पाठवतं की भांडारातले साहेब साडूच्या फर्मचा माल न मोजता घेतात. आरोप खोटा असू शकतो. पण चौकशी करणारा आधी रजिस्टर उघडतो. तिथे लिहिलंय 'नाही'. आता त्या माणसाला स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करत बसावं लागतं, आणि पुरावा कुठल्यातरी खोक्यात, कागदाच्या मागच्या बाजूला पडून आहे.

हे टाळायला फार हुशार यंत्र लागत नाही. हाताने लिहिलेलं मराठी किंवा गुजराती संगणकाने भरवशाने वाचावं, अशी अपेक्षा इथे करूच नये. छापील मजकूर ओळखणारी सॉफ्टवेअर दोन्ही लिपींसाठी आहेत, पण घाईत लिहिलेल्या अक्षरापुढे ती गडबडतात. बडोद्यात तर एकाच फॉर्मवर नाव इंग्रजीत, पत्ता गुजरातीत आणि शेरा मराठीत असू शकतो. गुजराती पाच आपल्या 'प' सारखा दिसतो, आणि देवनागरी '५' घाईत इंग्रजी चारासारखा वाचला जातो. म्हणून संगणकाला वाचायला न सांगता एवढंच विचारायचं की इथे शाई आहे का. कोऱ्या फॉर्मचं चित्र आपल्याकडे असतं. भरलेला फॉर्म त्यावर ठेवून पाहायचा आणि जिथे काही असायला नको तिथे, म्हणजे समासात, तळाशी किंवा मागच्या बाजूला, काळे ठिपके किती वाढलेत ते मोजायचं. थोडे जरी वाढले असतील तरी तो फॉर्म 'विसंगत' या ढिगात जातो आणि माणूस तो डोळ्यांनी पाहतो. कधी चहाचा डाग निघेल, कधी स्टेपलची सावली. दहा डाग पाहावे लागले तरी चालतील; एक ओळ सुटता कामा नये.

आणि 'कोरी पानं वगळा' ही सेटिंग बंद करायची. मग पानांचा हिशोबही सोपा होतो: ३८९ फॉर्म, प्रत्येकी दोन बाजू, म्हणजे ७७८ चित्रं. एकही कमी असेल तर स्कॅनिंग पुन्हा.

'ब्रदर इन लॉ' म्हणजे नक्की कोण?

साडूंची ओळ माणसाने पाहिली. आता ती रजिस्टरात कशी चढवायची? रजिस्टर इंग्रजीत असेल तर टाइप करणारा सहज 'ब्रदर इन लॉ' लिहून मोकळा होतो. इथे आपली भाषा जास्त कामाची आहे. त्या एका इंग्रजी शब्दात बायकोचा भाऊ, नवऱ्याचा भाऊ, बहिणीचा नवरा आणि साडू असे चौघे कोंबलेले असतात. मराठीत बहिणीचा नवरा आणि बायकोचा भाऊ दोघांनाही मेहुणा म्हणतात हे खरं, पण दीर आणि साडू तरी लगेच वेगळे कळतात.

फरक का पडतो? बहीण व्याख्येत आहे. बहिणीच्या नवऱ्याचा धंदा बहुधा बहिणीच्याही घरचा धंदा असतो, तेव्हा तिथे 'बहिणीचा हितसंबंध आहे का' असा पुढचा प्रश्न निघतो. साडूच्या बाबतीत तो प्रश्न तसा निघत नाही. तिथे कंपनीने आपल्या आचारसंहितेप्रमाणे ठरवायचं असतं. नुसत्या 'ब्रदर इन लॉ' वरून कंप्लायन्स टीमला यातलं काहीच कळत नाही.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या माहितीसाठी रजिस्टरात दोन रकाने ठेवायचे. एकात माणसाने जे लिहिलं तेच, त्याच भाषेत आणि त्याच चुकांसह. दुसऱ्यात आपण लावलेला अर्थ. आपल्या भांडार अधिकाऱ्यांची नोंद अशी दिसेल:

- खूण: नाही
- मूळ शब्द: 'माझे साडू अमुक फर्ममध्ये भागीदार आहेत, माहितीसाठी'
- लावलेला अर्थ: पत्नीच्या बहिणीचे पती, पुरवठादार फर्ममध्ये भागीदार
- कायद्याच्या व्याख्येत: नाही
- स्थिती: विसंगत, कर्मचाऱ्याशी बोलणं बाकी
- कुठून घेतलं: फॉर्मचा क्रमांक, मागची बाजू
- कुणी नोंदवलं, कधी: नाव आणि तारीख

कर्मचाऱ्याशी बोलणं झालं, त्यांनी नवा फॉर्म भरून 'होय' केलं, तर ही जुनी ओळ पुसायची नाही. तिच्याखाली नवी ओळ येते आणि जुनीवर 'यानंतर बदलली' असा शेरा पडतो. दोन वर्षांनी निनावी पत्र आलंच, तर रजिस्टर स्वतःच सांगेल की या माणसाने पहिल्याच दिवशी कळवलं होतं.

डबा एक, हात चार

आता भेटवस्तूंकडे येऊ. इथला पहिला नियम असा की रजिस्टरात एका फॉर्मची एक ओळ नसते, एका भेटीची एक ओळ असते. ऐकायला सोपं आहे, पण फॉर्मवर लोक लिहितात: 'दिवाळीत दोन-तीन पार्ट्यांनी मिठाई दिली, हजार-बाराशेची.' याच्या तीन ओळी करून प्रत्येकी चारशे लिहिण्याचा मोह होतो. तसं करायचं नाही, कारण ते आकडे त्या माणसाने दिलेले नाहीत, आपण बनवलेले आहेत. एकच ओळ, मूळ शब्द तसेच, किंमत १,००० ते १,२००, देणारा 'अस्पष्ट', स्थिती 'विचारायचं आहे'. रजिस्टरात अर्धवट माहिती अर्धवट दिसली पाहिजे.

समजा, या कंपनीत २,००० रुपयांपर्यंतची भेट कळवून ठेवता येते आणि त्यावर वरिष्ठांची परवानगी लागते. एका पुरवठादाराने, त्याला आपण 'क' म्हणू, दिवाळीच्या आधीच्या दहा दिवसांत १,८०० रुपयांचे सुकामेव्याचे चार डबे दिले: खरेदी, भांडार, गुणवत्ता तपासणी आणि लेखा विभागात एकेकाला. चौघांनीही प्रामाणिकपणे कळवलं. प्रत्येक डबा मर्यादेच्या आत. फॉर्म एकेक करून पाहिले तर काहीच खटकत नाही.

पण हेच चौघे 'क' च्या बिलाच्या वाटेवर उभे आहेत. एक ऑर्डर देतो, दुसरा माल उतरवून घेतो, तिसरा तो पास करतो आणि चौथा पैसे देतो. डबे मिळून ७,२०० रुपयांचे, आणि ते अख्ख्या साखळीत पोहोचलेत. यातून चौघांवर संशय घ्यायचा नाही. कंप्लायन्स टीमने बोलायचं आहे ते 'क' शी: पुढच्या वर्षी डबे नकोत, किंवा कँटीनला एक मोठा डबा द्या. रजिस्टर कशासाठी ठेवायचं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हेच आहे. एका कागदावर जे दिसत नाही ते चार कागद शेजारी ठेवल्यावर दिसतं.

ते दिसायला मात्र चौघांनी लिहिलेला 'क' एकच आहे हे कळायला हवं. एकाने फर्मचं पूर्ण नाव लिहिलंय, दुसऱ्याने 'मे.' लावून अर्धं, तिसऱ्याने इंग्रजी आद्याक्षरं आणि चौथ्याने नुसतं मालकाचं नाव, मागे 'भाई' जोडून. नावं जुळवणारे प्रोग्रॅम असतात, पण त्यांच्या भरवशावर दोन नावं परस्पर एक करायची नाहीत. प्रोग्रॅमने सुचवावं आणि माणसाने हो म्हणावं. पक्की खूण मिळते ती कंपनीच्या पुरवठादार यादीतून, कारण तिथे बहुतेकांचा जीएसटी क्रमांक असतो. हा क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे गुजरातचे २४ आणि महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. बडोद्याची आणि मुंबईची फर्म वेगळ्या क्रमांकाने नोंदलेली असली तरी मधली दहा अक्षरं सारखी असतील तर ती एकच. आणि एकट्या मालकीचा धंदा असेल तर तो पॅन मालकाचा स्वतःचा असतो, पाटीवर नाव काहीही असो.

तारखांचं एक दुखणंही इथेच निघतं. 'क' चा डबा ३/११ ला मिळाला असं फॉर्मवर लिहिलंय, म्हणजे ३ नोव्हेंबर. ज्या संगणकावर एक्सेलची तारीख अमेरिकन पद्धतीवर आहे, तिथे ती ११ मार्च होते. २५/१० मात्र तशीच राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. एक्सेल ती तारीख न मानता नुसता मजकूर मानतं. मग दहा दिवसांतले चार डबे रजिस्टरात सात महिन्यांत विखुरलेले दिसतात आणि ती साखळी कुणाच्याच लक्षात येत नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे. एक्सेलमध्ये तारखा रकान्याच्या उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की थांबायचं. तारीख आधी मजकूर म्हणून घ्यायची आणि दिवस, महिना, वर्ष हे आपणच सांगायचं.

तपासायचं ते 'नाही'

काम झाल्यावर तपासणी होते आणि बहुतेक जण 'होय' च्या ओळी तपासतात, कारण महत्त्वाच्या त्याच वाटतात. पण 'होय' च्या ओळी कुणीतरी वाचणारच असतं. वरिष्ठ वाचतात, कंप्लायन्सवाले वाचतात. चूक असेल तर ती तिथे सापडते. 'नाही' ची ओळ पुन्हा कुणीही उघडत नाही. तिथली चूक कायमची राहते. म्हणून ३१८ स्वच्छ 'नाही' मधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीसेक फॉर्म उचलायचे आणि मूळ कागद, पुढून आणि मागून, डोळ्यांनी पाहायचे. त्यात एक जरी 'होय' किंवा एक जरी लिहिलेली ओळ निघाली, तर सगळे ३१८ पाहायचे. एका दुपारचं काम आहे. आणि हाताने टाइप केलेल्या किमती आणि नावं दोन माणसांनी वेगवेगळी टाइप करायची. दोन्ही जुळली तर ठीक, नाही जुळली तर कागद पुन्हा काढायचा.

एक शेवटची गोष्ट, कारण हे रजिस्टर म्हणजे ४१२ घरांची माहिती आहे. कुणाची बायको कुठे काम करते, कुणाचा भाऊ कुठे भागीदार आहे, हे सगळं त्यात आहे. ते ईमेलला जोडून फिरवायची फाइल नव्हे. कंप्लायन्सच्या मोजक्या माणसांना पूर्ण दिसावं, विभागप्रमुखाला फक्त त्याने परवानगी द्यायच्या ओळी, आणि स्वतः कर्मचाऱ्याला स्वतःची ओळ. आणि विभागप्रमुखाची स्वतःची ओळ त्याच्याच परवानगीसाठी त्याच्याकडे जाऊ नये, एवढी तपासणी प्रोग्रॅममध्ये हवीच.

तुमच्या हातात यंदा हा फॉर्म आला तर तीन गोष्टी करा. रकाना कोरा सोडू नका. काही नसेल तर 'नाही' असं अक्षरात लिहा, `NA` किंवा रेघ नको. नातं इंग्रजीत न लिहिता साडू, मेहुणा, आतेभाऊ, व्याही असं सरळ आपल्या शब्दात लिहा, आणि मेहुणा असेल तर बायकोचा भाऊ की बहिणीचा नवरा तेही. आणि मागे काही लिहिलं असेल तर पुढच्या बाजूला, सहीच्या शेजारी, 'मागे पाहावे' एवढे दोन शब्द टाका. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवला तर आणखी बरं.